फ्रेमला वय नसते: ब्रॉडकास्ट स्टॉर्म आणि रूट ब्रिजची पार्श्वभूमी

ऑफिसात कुणीतरी टेबलाखाली लोंबकळणारी एक केबल पाहतो आणि तिचे मोकळे टोक भिंतीवरच्या रिकाम्या सॉकेटात खोचून देतो. अर्ध्या मिनिटात सगळ्या मजल्यावरचे इंटरनेट, प्रिंटर, फोन बंद. सर्व्हर रूममध्ये पाहावे तर प्रत्येक स्विचचे, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याचे, सगळे दिवे एकाच लयीत, न थांबता फडफडत असतात. व्हायरस नाही, हल्ला नाही. नेटवर्कमध्ये एक गोल तयार झालेला असतो, एवढेच. एका गोलाने इतका अनर्थ का व्हावा, याचे उत्तर 1970 आणि 80 च्या दशकांतल्या काही निर्णयांत आहे.

ऑफिसातली यंत्रे केबलने जोडण्याची ही पद्धत म्हणजे इथरनेट. तिचा जन्म 1973 चा, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातला. तेव्हाची कल्पना साधी होती. एक जाड कोॲक्सियल केबल, आणि तिला जोडलेली सगळी यंत्रे. एक जण बोलला की ते सगळ्यांना ऐकू जाते, ज्याच्या नावाचा निरोप असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात. काही निरोप सगळ्यांसाठीच असतात, ते म्हणजे ब्रॉडकास्ट. गावात दवंडी पिटावी तसे. निरोप केबलच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन संपत असे. तो पुन्हा फिरून येईल असा रस्ताच नव्हता.

म्हणूनच फ्रेमच्या, म्हणजे इथरनेटवरच्या प्रत्येक निरोपाच्या, रचनेत एक गोष्ट ठेवली गेली नाही. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून देतो. म्हणजे पॅकेटला आयुष्य असते. इथरनेटच्या फ्रेममध्ये पाठवणारा, घेणारा, प्रकार, मजकूर आणि तपासणीचा आकडा एवढेच आहे. वय नाही. एकाच तारेवर त्याची गरज नव्हती आणि त्या वेळी तो निर्णय अगदी बरोबर होता, असे मला वाटते.

अडचण आली ती तार पुरेनाशी झाल्यावर. जाड केबलचा एक तुकडा जास्तीत जास्त 500 मीटर आणि रिपीटर लावूनही सगळे मिळून अडीच किलोमीटर, अशी मर्यादा होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या अमेरिकन कंपनीतल्या अभियंत्यांनी यावर ब्रिज काढला. दोन तारांच्या मध्ये बसणारा हा डबा प्रत्येक फ्रेम ऐकतो, कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे हे शिकतो आणि गरज असेल तरच फ्रेम पलीकडे पाठवतो. पत्ता माहीत नसेल किंवा ब्रॉडकास्ट असेल, तर आली ती बाजू सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. अट एकच: फ्रेममधले एक अक्षरही बदलायचे नाही, म्हणजे यंत्रांना मध्ये ब्रिज आहे हे कळताच कामा नये. या अटीमुळे ब्रिज कुठेही बसवता आला, आणि याच अटीमुळे फ्रेमवर वय लिहिण्याची सोयही राहिली नाही. पुढे 1990 मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने अनेक पोर्टांचा, म्हणजे केबल खोचायच्या अनेक जागांचा, ब्रिज बाजारात आणला आणि त्याला स्विच हे नाव रूढ झाले. डबा बदलला, वागणे तेच राहिले.

आता तीन स्विच घेऊ: अ, ब आणि क. तिघेही एकमेकांना केबलने जोडलेले. एक केबल तुटली तर दुसरी असावी, या चांगल्या हेतूने केलेला त्रिकोण. अ ला जोडलेला एक पीसी ब्रॉडकास्ट पाठवतो. अ ती फ्रेम ब ला देतो आणि क ला देतो. ब ला ती अ कडून आली, म्हणून तो ती क ला देतो. क ला ती अ कडून आली, म्हणून तो ती ब ला देतो. दोघेही आलेली दुसरी प्रत अ कडे पाठवतात आणि अ ती पुन्हा पुढे ढकलतो. आता एक प्रत घड्याळाच्या दिशेने फिरते आहे आणि एक उलट्या दिशेने. त्या कधीच मरणार नाहीत. कोणत्याही स्विचला "ही मी आधी पाहिली आहे" हे कळत नाही, कारण ते फ्रेमवर कुठेच लिहिलेले नसते.

दोन प्रतींनी काय होणार, असे वाटेल. पण लहान फ्रेम 100 मेगाबिटच्या तारेवरून सात मायक्रोसेकंदांहून कमी वेळात जाते, त्यामुळे एक प्रत सेकंदाला हजारो फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत प्रत्येक स्विच ती आपल्याकडच्या सगळ्या पीसींनाही देतो. पुढची यंत्रे आपापले ब्रॉडकास्ट पाठवतच असतात आणि प्रत्येकाच्या दोन अमर प्रती भर घालतात. अशी 100 मेगाबिटची तार भरली की सेकंदाला सुमारे 1 लाख 48 हजार लहान फ्रेम तिच्यावरून जातात. ब्रॉडकास्ट असल्याने प्रत्येक पीसीच्या प्रोसेसरला त्यातली प्रत्येक उघडून पाहावी लागते, म्हणून नेटवर्कबरोबर यंत्रेही गुदमरतात. हेच ब्रॉडकास्ट स्टॉर्म, म्हणजे ब्रॉडकास्टचे वादळ. आणि स्विच जर चार असतील, प्रत्येक जण बाकी तिघांना जोडलेला, तर आणखी वाईट. एक आली की दोन बाहेर पडतात, प्रत्येक टप्प्यावर संख्या दुप्पट.

स्विचच्या लॉगमध्ये याची एक ठळक खूण दिसते. एकच मॅक ॲड्रेस, म्हणजे एकाच यंत्राचा पत्ता, क्षणात या पोर्टवर, क्षणात त्या पोर्टवर. त्या पीसीचीच फ्रेम फिरून मागच्या दाराने येते, म्हणून अ ला वाटते की पीसी ब च्या बाजूला सरकला. मग त्याच्या नावाने आलेले खरे निरोपही चुकीच्या दिशेला जातात.

डेकमध्ये हा प्रश्न रेडिया पर्लमन यांच्याकडे आला. गोल ठेवायचे होते, कारण पर्यायी मार्ग हवा होता, पण फ्रेम त्यात फिरायला नको होती. त्यांचे उत्तर 1985 च्या शोधनिबंधात छापले गेले आणि त्याचा सारांश त्यांनी कवितेत लिहिला होता. उत्तर असे: फ्रेमला हात लावायचा नाही. त्याऐवजी ब्रिजांनीच आपसात बोलून ठरवायचे की कोणते पोर्ट तात्पुरते बंद ठेवले म्हणजे गोल मोडून फक्त फांद्यांचे झाड उरेल, म्हणजे स्पॅनिंग ट्री. केबल तशीच राहते, फक्त तिच्यावरून माल जात नाही.

पण कुणाचा कुणावर अधिकार नसताना सगळ्यांनी एकच झाड कसे ठरवायचे? प्रत्येकाने आपापल्या मनाने पोर्ट बंद केले तर दोघे एकाच वेळी दोन्ही टोके बंद करतील किंवा कुणीच करणार नाही. सगळ्यांना मोजमापासाठी एक समान खांब लागतो. तो खांब म्हणजे रूट ब्रिज. गोल प्रत्यक्ष मोडते ती पोर्ट बंद होण्याची कृती. रूट असल्याशिवाय ती कृती सगळीकडे एकमताने होऊ शकत नाही, म्हणून निवडणूक आधी.

या निवडणुकीत मतदान नसते, फक्त अर्ज मागे घेणे असते. सुरुवातीला प्रत्येक स्विच "मीच रूट" असे जाहीर करतो. हे निरोप म्हणजे बीपीडीयू, दर दोन सेकंदांनी. प्रत्येकाची ओळख दोन भागांची असते: आधी प्रायॉरिटीचा आकडा, मग मॅक ॲड्रेस. लहान आकडा जिंकतो. आपल्याहून लहान ओळख ऐकली की स्विच आपला दावा सोडतो आणि त्या रूटची बातमी पुढे सांगू लागतो. सोबत तो रूटपर्यंतचा खर्चही सांगतो. वेगवान तारेचा खर्च कमी: 1 गिगाबिटला 4, 100 मेगाबिटला 19. मग प्रत्येक जण रूटकडे जाणारा आपला सर्वांत स्वस्त पोर्ट चालू ठेवतो, प्रत्येक तारेवर रूटला जवळचा असलेला स्विच ती तार सांभाळतो आणि यात न बसणारा पोर्ट बंद होतो.

आपल्या त्रिकोणात अ आणि क नवे, त्यांच्यातली तार गिगाबिटची. ब हा जुना डबा, त्याच्याकडे जाणाऱ्या दोन्ही तारा 100 मेगाबिटच्या. प्रायॉरिटी कुणीच बदललेली नाही, म्हणजे तिघांची 32768. मग निर्णय मॅक ॲड्रेसवर जातो, आणि त्याच कंपनीच्या जुन्या यंत्राचा ॲड्रेस बहुधा लहान असतो. ब रूट होतो. अ ला ब पर्यंत थेट खर्च 19, क मार्गे 23. क चेही तसेच. दोघेही थेट जातात आणि मधली गिगाबिटची तार बंद पडते. अ आणि क मधली सगळी वाहतूक त्या जुन्या, दहापट संथ डब्यातून जाऊ लागते. वादळ नाही, पण ऑफिस दिवसभर कुंथत राहते आणि का ते कळत नाही. या कारणासाठी अ ची प्रायॉरिटी मुद्दाम लहान करावी लागते. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी ही एक ओळ लिहितात:

```
spanning-tree vlan 1 priority 4096
```

अ रूट झाल्यावर क ला अ चा खर्च 4, ब ला थेट 19. ब आणि क मधल्या तारेवर क चा दावा वरचढ ठरतो आणि ब त्या तारेचे आपले टोक बंद करतो. बंद झाली ती संथ तार, हवी तीच. खात्री `show spanning-tree vlan 1` या कमांडने होते. `Root ID` खाली कुणाचा पत्ता आहे, एवढे आधी पाहावे.

पर्लमन यांच्या रचनेत फ्रेमला नव्हते ते वय बीपीडीयूला दिलेले आहे. रूटची बातमी जसजशी दूर जाते तसे तिचे वय वाढते आणि 20 सेकंद झाले की ती टाकून दिली जाते. याच कारणाने 1990 च्या आयईईई 802.1डी या मानकातले ठरावीक वेळ सलग सात स्विचपर्यंतच्या जाळ्यासाठी बेतलेले आहेत. बंद पोर्टला 20 सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर तो "पलीकडे कुणी नाही" असे समजतो आणि आणखी 15 अधिक 15 सेकंद थांबून उघडतो. केबल तुटली तर हे वरदान आहे. पण केबल शाबूत असून स्विच इतका भारावला की बीपीडीयूच पोहोचेना, किंवा फायबरचा एकाच दिशेचा धागा मेला, तर तीच शांतता चुकीचा अर्थ घेऊन येते. पोर्ट उघडतो आणि गोल पूर्ण होतो.

नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस रुग्णालयात याचे रूप दिसले. वर्षानुवर्षे जोडत गेलेल्या नेटवर्कमध्ये काही भाग सात टप्प्यांच्या पलीकडे गेले होते. त्यात एका संशोधन कामाच्या डेटाचा मोठा लोंढा आला आणि झाडाची बांधणी कोलमडली. सुमारे चार दिवस डॉक्टर आणि परिचारिकांना कागदावर काम करावे लागले. रुग्णालयाने ही हकीकत लपवली नाही, उघडपणे सांगितली. नेटवर्कवाल्यांवर त्यांचे हे मोठे उपकार आहेत.

त्याआधी, 2001 मध्ये, 802.1डब्ल्यू हे सुधारित मानक आले होते. त्यात शेजारी स्विच एकमेकांना विचारून पोर्ट उघडतात, त्यामुळे 30 ते 50 सेकंदांची वाट सहसा उरत नाही. रूटची निवड मात्र तशीच, लहान आकड्याने. आणि 2011 मध्ये पर्लमन यांच्याच पुढाकाराने ट्रिल हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात ब्रिजांमधून जाताना मूळ फ्रेमवर बाहेरून एक वेष्टन चढवले जाते आणि त्या वेष्टनावर टप्पे मोजणारा सहा बिटांचा आकडा असतो.