शब्द आणि कट यांच्यामधल्या आठ फ्रेम

माझा भाचा कोल्हापूरच्या राजारामपुरीत व्हिडिओ एडिटिंग करतो. गेल्या महिन्यात त्यानं कागलकडच्या एका गुऱ्हाळावर तीस सेकंदांची रील केली. आवाज त्याचाच, खणखणीत. पण वाक्यांमधल्या सगळ्या मोकळ्या जागा उडवून त्यानं आवाजाचा वेग सव्वापट केला होता. माझ्या आईनं दोनदा ऐकून विचारलं, "काय म्हणालाय त्यो?" भाचा म्हणाला, "मामा, निवांत बोललं तर कोण बघतंय?"

माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, म्हणजे आठच सेकंद टिकतं, हे वाक्य त्यानंही कुठंतरी ऐकलेलं होतं. त्या आकड्यामागं कसलंही भक्कम संशोधन नाही. तरी त्याच्या भीतीनं लोक आपला आवाज चिरडून टाकतात.

वेग मोजायचा तर मराठीत शब्दांपेक्षा उच्चारातले तुकडे, म्हणजे अक्षरं, मोजावीत. 'रस' हा उच्चारात एक तुकडा आणि 'काहिलीत' तीन, मग दोन्हींना एकेक शब्द धरून काय कळणार? साध्या गप्पांत आपण सेकंदाला साधारण पाच तुकडे बोलतो. सहापर्यंत कान आरामात साथ देतो. आठ-नऊच्या पुढं मात्र शब्द एकमेकांत मिसळायला लागतात.

असं का होतं, यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. ओडेड गित्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी 2009 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी ध्वनिमुद्रित बोलणं एक तृतीयांश वेळेत दाबून बसवलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून जास्त शब्द चुकले. मग त्याच दाबलेल्या आवाजाचे 40 मिलिसेकंदांचे बारीक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर 80 मिलिसेकंदांची शांतता घातली. आवाज तितकाच दाबलेला होता, नवी माहिती काहीच आली नव्हती, तरी चुका खूप कमी झाल्या. त्यांचा तर्क असा, की मेंदू ऐकलेलं बोलणं सेकंदाला चार ते आठ घासांच्या लयीत घेतो. घास त्याहून भरभर आले की आधीचा गिळून होण्याआधीच पुढचा तोंडात पडतो. म्हणजे अडचण आवाजाच्या वेगात कमी आणि शांतता नसण्यात जास्त आहे. भाच्यानं नेमकी तीच कापून टाकली होती.

आता त्याचंच वाक्य घेऊ: "उसाचा रस काहिलीत उकळतो, वर मळी येते, ती काढली की रस घट्ट होतो." शब्द तेरा, उच्चारातले तुकडे दहा, पाच आणि नऊ, एकूण चोवीस. सेकंदाला सहाच्या वेगानं बोलायला चार सेकंद लागतात. दोन स्वल्पविरामांवर प्रत्येकी आठ फ्रेम ठेवल्या, तर सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत त्या 0.32 सेकंदाच्या होतात. सगळं मिळून 4.64 सेकंद, म्हणजे 116 फ्रेम. भाच्याच्या पद्धतीनं तेच वाक्य 3.84 सेकंदांत बसलं होतं. वाचले किती, तर 0.8 सेकंद!

कट कुठं द्यायचा हे त्या आठ फ्रेमच ठरवतात. नवं चित्र आलं की डोळ्याला नव्या जागी उडी मारायला साधारण एक पंचमांश सेकंद, म्हणजे पाच फ्रेम लागतात. त्याच वेळी 'मळी' हा शब्द पडला, तर तो ऐकू येतो, पण चित्राशी जुळत नाही. म्हणून 'उकळतो' संपल्यावर दोन फ्रेम सोडून कट द्यायचा. उरलेल्या सहा फ्रेममध्ये डोळा फेसावर पोचतो. मग 'वर' हा हलका शब्द येतो, आणि 'मळी' येईपर्यंत बघणारा तयार असतो.

मग वेगाचा भास आणायचा कशानं? चित्रांनी. 'उसाचा रस'वर घाण्यातून पडणारी धार आणि 'काहिलीत'च्या आधी काहिलीचा कट. पहिल्याच तुकड्यात दोन चित्रं झाली आणि आवाजाला धक्काही लागला नाही. असा आतला कट मात्र जड शब्दाच्या मधोमध पडू नये.

आणखी एक बारीक चूक पाहून घ्या. 'घट्ट'मधला 'ट्ट' म्हणताना जीभ वाट अडवते आणि क्षणभर आवाज बंदच होतो. शांतता आपोआप कापणाऱ्या सोयीत किती लांबीची शांतता कापायची ही मर्यादा फार कमी ठेवली, तर ती हा थांबाही खाते. आवाजाच्या पट्टीवर 'घ' आणि 'ट' यांच्यामधली सपाट जागा दिसेनाशी झाली, तर समजावं की शब्द कापला गेलाय. सव्वापट वेगात ती जागा तशीही आक्रसते. माणूस स्वतः भरभर बोलतो तेव्हा स्वर जास्त आखडतो आणि व्यंजनं बरीचशी सांभाळतो. सॉफ्टवेअर मात्र सगळंच सारख्या प्रमाणात दाबतं. म्हणून वेग वाढवायचाच असेल तर पुन्हा रेकॉर्ड करावं.

भाच्यानं तसंच केलं. एक वाक्य गाळलं, बाकीची सहाच्या वेगानं पुन्हा बोलला. तपासायला मी त्याला स्वतःच्या कानांवर विसंबू दिलं नाही, कारण वाक्य पाठ असलेल्याला अस्पष्ट आवाजही स्पष्ट वाटतो. आईच्या हातात मोबाईल दिला, स्पीकरवर एकदाच लावला आणि काय ऐकलं ते विचारलं. ती म्हणाली, "मळी काढली की घट्ट हुतंय. पर भेंडीचं पानी कवा घालत्यात, त्ये कुठं सांगितलंय?"