मोंगोली अर्जातले चुकलेले स्वर

‘तुर्की, फिनिश आणि मोंगोली या भाषांत स्वरसंवाद आढळतो, म्हणून त्या एकाच कुळातल्या असल्या पाहिजेत’, असे विधान अजूनही अनेकदा वाचायला मिळते. स्वरसंवाद म्हणजे एका शब्दातल्या स्वरांनी एकमेकांशी जुळवून घेणे, आणि ते नात्याचे प्रमाण नव्हे. एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतही तो आढळतो. मात्र त्याची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे आणि ती विद्यार्थ्याच्या चुकांमधून सर्वांत स्पष्ट दिसते.

नमुन्यादाखल एक अर्ज घेऊ. उलानबातरमधल्या लेखापालनाच्या प्रशिक्षणवर्गासाठी परदेशी विद्यार्थ्याने तो लिहिला आहे असे समजू. त्यात ‘प्रशिक्षणात’ या अर्थी ‘सुर्गाल्तेद’ आणि ‘भाषेने’ या अर्थी ‘खेलार’ अशी रूपे आहेत. शुद्ध रूपे ‘सुर्गाल्ताद’ आणि ‘खेलेर’ अशी होतात. मराठीत ‘घराला’, ‘नदीला’ असे म्हणताना प्रत्यय तोच राहतो आणि बदल झालाच तर शब्दाच्या सामान्यरूपात होतो. मोंगोलीत मात्र प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो. खाल्खा या मोंगोलीच्या प्रमाण बोलीत स्वरांचे दोन गट आहेत. एका गटाच्या उच्चारात जिभेचे मूळ मागे ओढले जाऊन घशाची पोकळी अरुंद होते, दुसऱ्यात तसे होत नाही. ‘आ’ पहिल्या गटातला, ‘ए’ दुसऱ्या गटातला, आणि एका मूळ शब्दात हे गट सहसा मिसळत नाहीत.

अर्जातली तिसरी चूक अधिक बोलकी आहे. ‘ऑर्लॉगॉ’ म्हणजे उत्पन्न. ‘उत्पन्नापासून’ हे ‘ऑर्लॉगॉस’. हे पाहून विद्यार्थ्याने ‘गुंतवणूक’ या अर्थाच्या जोडशब्दाच्या ‘ऑरूलाल्त’ या दुसऱ्या भागाला ‘ऑस’ जोडून ‘ऑरूलाल्तॉस’ लिहिले, कारण दोन्ही शब्द ‘आत येणे’ या अर्थाच्या ‘ऑर’ धातूपासून झाले आहेत आणि दोन्हींचा पहिला स्वर ‘ऑ’ आहे. परंतु ‘ऑ’ उच्चारताना होणारा ओठांचा गोलावा पुढच्या अक्षरापर्यंत पोहोचायचा असेल तर वाटेत ‘ऊ’ येता कामा नये. ‘ऊ’ स्वतः गोल स्वर असूनही ती साखळी तोडतो, त्याच्यापुढे ‘ऑ’ टिकत नाही आणि ‘आ’ येतो: ‘ऑरूलाल्तास’. याउलट ‘इ’ आड येत नाही. ‘मॉरि’, म्हणजे घोडा, याचे ‘घोड्यापासून’ हे रूप ‘मॉरिनॉस’ असेच होते. म्हणून केवळ पहिला स्वर पाहून प्रत्यय निवडता येत नाही, मधले स्वरही तपासावे लागतात.

मातृभाषक मोंगोली विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना निराळी चूक आढळते. तो ‘सुर्गाल्तेद’ लिहिणार नाही, पण ‘सुर्गाल्तान्द’ लिहील. ‘मॉद’, म्हणजे झाड, यासारख्या काही नामांत प्रत्ययापूर्वी एक लपलेला ‘न’ प्रकट होऊन ‘मॉदॉन्द’ होते, आणि तोच ‘न’ तो ज्या शब्दात नाही तिथेही घातला जातो. त्या रूपात स्वर मात्र बरोबर असतो, कारण स्वरसंवाद त्याच्या कानात पक्का असतो आणि ‘न’चा नियम शब्दागणिक लक्षात ठेवावा लागतो.