‘धर्मो रक्षति रक्षितः’ नेमकं कुठलं?

मुंबईत हे वाक्य जागोजागी भेटतं. वकिलाच्या दालनातल्या तसबिरीत, गणेशोत्सवाच्या कमानीवर, व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर. बहुतेक ठिकाणी खाली ग्रंथाचं नाव नसतं आणि असलंच तर दोहोंपैकी एक असतं. कायद्याशी संबंध असलेली माणसं ‘मनुस्मृती’ म्हणतात. कीर्तन-प्रवचन ऐकून वाढलेली माणसं ‘महाभारत, यक्षप्रश्न’ म्हणतात. दोघांच्याही हातात पुरावा आहे, म्हणून हा वाद लवकर मिटत नाही. तो सोडवायचा तर नुसता संदर्भक्रमांक शोधून भागत नाही. प्रत्येक ठिकाणी हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय आणि पुढची ओळ काय आहे, ते पाहावं लागतं.

आधी मनुस्मृती घेऊ. आठव्या अध्यायातला पंधरावा श्लोक असा आहे:

धर्म एव हतो हन्ति धर्मो रक्षति रक्षितः ।
तस्माद्धर्मो न हन्तव्यो मा नो धर्मो हतोऽवधीत् ॥

धर्माला मारलं तर तोच मारतो, राखलं तर तोच राखतो. म्हणून धर्माला मारू नये, मारला गेलेला धर्म आम्हाला न मारो. हा अध्याय राजाच्या न्यायसभेचा आहे. कर्जाचे, ठेवींचे, शेताच्या हद्दीचे खटले कसे चालवायचे, साक्षी कशी घ्यायची, याची ती तपशीलवार मांडणी आहे. खटल्यांकडे वळण्याआधी मनू सभेत बसणाऱ्यांना बजावतो. अधर्माने जखमी झालेला धर्म सभेत आला आणि सभासदांनी त्याच्या अंगातला बाण उपसला नाही, तर तो बाण सभासदांनाच लागतो (८.१२). सभेत एक तर जाऊ नये, गेलात तर योग्य तेच बोलावं, गप्प बसणारा आणि विपरीत बोलणारा, दोघेही दोषी (८.१३). पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जिथे अधर्म धर्माला मारतो आणि खोटं खऱ्याला मारतं, तिथे सभासद मेलेच म्हणायचे (८.१४). या तिघांच्या पाठोपाठ आपला श्लोक येतो.

म्हणजे इथला धर्म देवळातला नव्हे, निवाड्यातला आहे. कुल्लूकभट्टाची टीका तर याहून नेमकं सांगते. तो म्हणतो की न्यायाधीश वाट सोडून निघाला, तर शेजारच्या सभासदांनी त्याला उद्देशून हे शब्द बोलायचे आहेत. असं वाचलं की शेवटच्या चरणातला ‘आम्हाला’ नीट उलगडतो. हा निर्णय तुझ्या एकट्याचा नाही, त्याचा मार आपल्या सगळ्यांना बसेल, असं ते सहकाऱ्याला सांगत आहेत. तसबिरीत तीन शब्द उरतात तेव्हा हा सगळा प्रसंग गळून पडतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता महाभारत. प्रचलित पाठात, म्हणजे कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात ज्यावर टीका लिहिली त्या पाठात, वनपर्वाच्या शेवटी यक्षप्रश्न येतात. चारही भाऊ तळ्याकाठी निपचित पडले आहेत. प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर यक्ष म्हणतो, यांतला एकच जिवंत करीन, कोण हवा? युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. यक्षाला नवल वाटतं: दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम सोडून, सर्वांचा आधार असलेला अर्जुन सोडून सावत्र भाऊ का? तेव्हा युधिष्ठिर हाच श्लोक म्हणतो, पण तिसरा चरण बदललेला आहे. मनूच्या ‘तस्माद्धर्मो न हन्तव्यो’च्या जागी ‘तस्माद्धर्मं न त्यजामि’, म्हणजे ‘म्हणून मी धर्म सोडत नाही’.

फरक छोटा असला तरी बोलका आहे. मनूच्या श्लोकात एकच क्रियापद शेवटपर्यंत चालतं: मारलेला मारतो, म्हणून मारू नये, मारलेला आम्हाला न मारो. युधिष्ठिराच्या तोंडी मध्येच ‘सोडणं’ येतं आणि पुढे पुन्हा ‘मारणं’. शिवाय ‘मी सोडत नाही’ असं एकवचनी बोलून लगेच ‘आम्हाला’ असं अनेकवचन येतं. सर्वांसाठी असलेला नियम एका माणसाच्या तोंडी घालताना मधला चरण बदलावा, तसं हे दिसतं. यावरून मनूची रचना मूळ आणि महाभारतातली तिची जुळवणी, असं म्हणायचा मोह होतो. पण पाठचिकित्सेत इथे थांबून उलट शक्यताही तपासतात. खडबडीत ओळ आधीची असून नंतरच्या कुणी ती घासूनपुसून साफ केली, असंही घडतं. नुसत्या सफाईवरून वय ठरत नाही.

माझ्या मते वादाचा निकाल ज्या श्लोकावर लागतो, तो याच वनपर्वात खूप आधी येतो आणि त्याचं नाव फार कमी लोक घेतात. द्यूतात सारं गमावून पांडव द्वैतवनात राहत आहेत. द्रौपदी युधिष्ठिराशी भांडते. ती म्हणते, भीम, अर्जुन, माद्रीचे दोन्ही पुत्र आणि मी, आम्हा सगळ्यांना तू सोडशील, पण धर्म सोडणार नाहीस. आणि पुढे:

राजानं धर्मगोप्तारं धर्मो रक्षति रक्षितः ।
इति मे श्रुतमार्याणां त्वां तु मन्ये न रक्षति ॥

‘धर्म जपणाऱ्या राजाला, जपलेला धर्म राखतो, असं मी थोरामोठ्यांकडून ऐकलं आहे, पण तुला तो राखत नाही, असंच मला वाटतं.’ हा श्लोक भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात आहे (३.३१.७). वनपर्वाचा तो भाग वि. सी. सुखठणकरांनी वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांची तुलना करून १९४२ मध्ये संपादित केला. नंतर कुणी घुसवलेली ओळ म्हणून हा श्लोक बाजूला काढता येत नाही.

‘श्रुतम्’, म्हणजे ऐकलं आहे, असं द्रौपदी म्हणते. वाक्य आपलं नाही, लोकांत चालत आलेलं आहे, हे महाकाव्य स्वतःच सांगतं. महाभारतात इतरत्र मनूचं नाव घेऊन वचनं उद्धृत केलेली आहेत. इथे मनूचं नाव नाही, फक्त ‘आर्यांचं’ ऐकलेलं. आणखी एक बारकावा: हे आठ अक्षरांचं वाक्य म्हणजे अनुष्टुभाचा बरोब्बर एक चरण आहे. मनूच्या श्लोकात ते दुसऱ्या चरणाच्या जागी आहे, द्रौपदीच्या श्लोकातही दुसऱ्याच. आजूबाजूचे शब्द मात्र पूर्ण वेगळे. ज्याला त्याला हवा तिथे बसवता येईल असा तयार चरण लोकांच्या तोंडी होता, तर नेमकं हेच दिसलं असतं.

मनूच्या शेजारच्या श्लोकांचीही तीच गत आहे. जखमी धर्म सभेत येतो तो ८.१२ चा श्लोक, थोड्या शब्दभेदाने, सभापर्वात विदुराच्या तोंडी आहे. द्रौपदीला भर सभेत आणलं आहे, तिच्या प्रश्नावर सगळे गप्प आहेत आणि विदुर सभासदांना हे ऐकवतो. पाठोपाठ तो पापाची वाटणीही सांगतो: निम्मं सभेच्या मुख्याकडे, पाव करणाऱ्याकडे, पाव निंद्य कृत्याची निंदा न करणाऱ्या सभासदांकडे. मनूच्या ८.१८ मध्येही वाटणी आहे, पण हिशोब निराळा: कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा, प्रत्येकी पाव. ‘डोळ्यांदेखत धर्म मारला जातो’ हा ८.१४ चा श्लोक उद्योगपर्वात, शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आलेल्या कृष्णाच्या तोंडी आहे. मनूकडे सलग येणारे हे श्लोक महाभारतात तीन पर्वांत विखुरले आहेत. कुणी पोथी समोर ठेवून उतरवून घेतली असती, तर अशी विखुरणी आणि असा बदललेला हिशोब सहसा दिसला नसता. सभेत न्याय कसा व्हावा याविषयीच्या वचनांचा साठा दोन्ही ग्रंथांच्या रचनाकारांना पाठ होता आणि त्यातून ज्याने त्याने आपापल्या गरजेचं उचललं, हा खुलासा जास्त पटतो.

हा खुलासा नवा नाही आणि त्याचा एक धागा मुंबईत सापडतो. जर्मन संस्कृतपंडित गेऑर्ग ब्यूलर १८६३ पासून इथल्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. पुढे १८८६ मध्ये त्यांचं मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून निघालं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी महाभारताच्या मोजक्या पर्वांतच मनूशी जुळणारे २६० हून अधिक श्लोक वा श्लोकखंड असल्याचं नोंदवलं, म्हणजे मनुस्मृतीचा जवळजवळ दहावा भाग. कुणी कुणाचं घेतलं, यावर त्यांचं उत्तर असं की दोघांनीही तोंडोतोंडी फिरणाऱ्या पद्यवचनांतून घेतलं. त्याच १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातले वकील विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मनुस्मृती अनेक टीकांसह मुंबईत छापली. मेधातिथी, कुल्लूक, राघवानंद यांचं म्हणणं एकाच पानावर ताडून पाहायची सोय झाली. न्यायाधीशाला उद्देशून हे शब्द आहेत, हा कुल्लूकाचा अर्थ अशा आवृत्तीत श्लोकाखालीच वाचता येतो.

काळावरून निकाल लागेल, असं काहींना वाटतं. तोही मार्ग बंद आहे. मनुस्मृतीचा काळ अभ्यासक साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं तिसरं शतक यांच्या दरम्यान ठेवतात. महाभारत त्याच्या आधी सुरू होऊन त्याच्या नंतरही वाढत राहिलं. दोन्ही काळ एकमेकांत असे अडकले असताना ‘कुठला ग्रंथ आधी’ याचं उत्तर अख्ख्या ग्रंथापुरतं देता येत नाही, एकेका श्लोकापुरतंच शोधावं लागतं.

म्हणून कुणी पूर्ण श्लोक ‘न हन्तव्यो’सकट छापत असेल, तर खाली मनुस्मृती ८.१५ लिहिणं बरोबर. ‘न त्यजामि’ असेल तर महाभारत, वनपर्व, प्रचलित पाठ. नुसतं ‘धर्मो रक्षति रक्षितः’ असेल, तर मी कुठल्याच एका ग्रंथाचं नाव घालणार नाही, कारण द्रौपदीच्या साक्षीने ते ग्रंथाबाहेरचं, ऐकलेलं वचन आहे.

आणि ते वचन महाभारतात निमूटपणे मानलेलं नाही, हेही सोबत माहीत असावं. द्रौपदीला युधिष्ठिर पुढच्याच अध्यायात उत्तर देतो. धर्म तुला राखेल, असं आश्वासन तो पुढे करत नाही. मी धर्माच्या फळासाठी धर्म आचरत नाही, द्यायचं म्हणून देतो आणि यज्ञ करायचा म्हणून करतो, असं तो म्हणतो. धर्माचं दूध काढू पाहणाऱ्याला त्याचं फळ मिळत नाही, असंही म्हणतो. त्याच पर्वाच्या शेवटी प्रचलित पाठात तळ्याकाठी तो तेच वाक्य स्वतः उच्चारतो, आणि समोरचा यक्ष हा प्रत्यक्ष धर्मच, त्याचा पिता, निघतो. चौघेही भाऊ उठून बसतात.