दिवाळीचे कंपनी-बॉक्स २०२६ : दर, शेवटची तारीख आणि बॉक्समध्ये काय भरावं

यंदा धनत्रयोदशी शुक्रवारी ६ नोव्हेंबरला आणि लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे. कंपनीच्या बॉक्सची ऑर्डर शनिवार, २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ पर्यंत घेऊ. झाकणावर कंपनीचं नाव छापून हवं असेल तर शनिवार, १७ ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्याच्या आधीच. छापखान्यातून पुठ्ठे यायला आठ-दहा दिवस जातात आणि त्या दिवसांत तिथंही गर्दीच असते.

यंदा दोन बॉक्स ठेवले आहेत.

फराळ बॉक्स : बेसन लाडू ८ नग (२८० ग्रॅम), पोह्यांचा चिवडा २०० ग्रॅम, चकली २०० ग्रॅम, शंकरपाळी २०० ग्रॅम.
२५ ते ९९ बॉक्स : ४४० रुपये. १०० ते २९९ : ४१५ रुपये. ३०० आणि पुढे : ३९५ रुपये.

काजू बॉक्स : काजू कतली २५० ग्रॅम, बेसन लाडू ८ नग, चिवडा २५० ग्रॅम, चकली २५० ग्रॅम.
२५ ते ९९ बॉक्स : ७२० रुपये. १०० ते २९९ : ६८५ रुपये. ३०० आणि पुढे : ६६० रुपये.

दर एका बॉक्सचे आहेत, जीएसटी ५ टक्के वेगळा. वजन आतल्या मालाचं निव्वळ आहे, पुठ्ठा त्यात धरलेला नाही. दुसऱ्या दुकानाच्या दराशी ताडून बघताना हे आधी विचारा, कारण जाड पुठ्ठ्याचा बॉक्स रिकामाच दीड-दोनशे ग्रॅम भरतो.

दराच्या टप्प्यात एक गंमत आहे, ती आधीच सांगून ठेवतो. फराळ बॉक्स २९० घेतले तर ४१५ प्रमाणे १,२०,३५० रुपये होतात आणि ३०० घेतले तर ३९५ प्रमाणे १,१८,५००. म्हणजे दहा बॉक्स जास्त येऊन पैसे कमी लागतात. २८६ च्या पुढे आकडा गेला की सरळ ३०० लिहा. तसंच ९५ च्या पुढे असाल तर १००.

पेढे का नाहीत, हे बहुतेक जण विचारतात. शिरोलीतल्या फाउंड्रीत बॉक्स ५ तारखेला वाटला, तरी राधानगरी-भुदरगडकडे गावी जाणारा कामगार तो लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला उघडतो. खव्याचा पेढा ताजा असला तरी चार दिवसांपलीकडे आम्ही त्याची खात्री देत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी बंद टेम्पोत तर तेवढीही नाही. खवा बिघडला की आधी आंबूस वास येतो, मग पृष्ठभाग चिकट लागतो. बेसन लाडवात पाणीच नसतं, बेसन तुपात खमंग भाजलेलं असतं, म्हणून तो महिनाभर टिकतो. काजू कतली आठवडाभर चांगली राहते. पेढे हवेतच असतील तर वाटपाच्या दिवशी सकाळी वेगळ्या पाव किलोच्या डब्यांतून देतो आणि डब्यावर तारीख ठळक लिहितो, पण हॅम्परमध्ये भरत नाही.

शेवटची तारीख पुढे ढकलता येत नाही, त्याचं कारण तळणं नाही. कढया वाढवता येतात, आचारी वाढवता येतात. वेळ लागतो तो माल गार व्हायला. चकली गरम असताना पिशवीत सील केली की आतल्या आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ, चिवट लागते. लाडू कोमट भरला तर तूप सुटून पुठ्ठ्याला डाग पडतो आणि लाडू बसका होतो. म्हणून तळलेला माल परातीत पसरून रात्रभर ठेवतो, लाडू वळल्यावर किमान बारा तास उघड्यावर गार होऊ देतो, आणि मगच भरणी. परातींना जागा लागते, ती आहे तेवढीच. २४ तारखेला यादी बंद केली तरच ३१ ऑक्टोबरपासूनची भरणी बसते.

आत प्रत्येक पदार्थ वेगळ्या सीलबंद पाऊचमध्ये असतो. चिवडा ओल ओढतो आणि चकलीचा ओवा-तिखटाचा वास कतलीला लागतो, त्यामुळं कागदी खणांवर भागत नाही. कतलीच्या थरांमध्ये बटर पेपर असतो. बॉक्सवर घटक पदार्थ, निव्वळ वजन, बनवल्याची आणि कधीपर्यंत खावं याची तारीख, हिरवं चिन्ह आणि आमचा एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो. दोन पदार्थांचा टिकाऊपणा वेगळा असेल तर बॉक्सवर आधी संपणाऱ्याची तारीख छापतो, म्हणून काजू बॉक्सवर कतलीची दिसेल.

आता एक ऑर्डर पूर्ण करून बघू. हजेरीपटावर २३२ माणसं आहेत. घोटाळा सहसा इथंच होतो : ठेकेदाराकडचे कामगार, गेटवरचे सिक्युरिटी, कँटीनवाले आणि ड्रायव्हर पटावर नसतात, आणि वाटपाच्या दिवशी रांगेत असतात. आठ बॉक्स वाढवून २४० धरले. फराळ बॉक्स ४१५ प्रमाणे ९९,६०० रुपये, त्यावर जीएसटी ४,९८०, एकूण १,०४,५८० रुपये. ऑर्डरसोबत निम्मे, म्हणजे ५२,२९०, बाकी डिलिव्हरीला. आकडा २९ ऑक्टोबरपर्यंत दहा टक्के वर-खाली करता येईल, त्यानंतर नाही. हे २४० बॉक्स बारा-बाराच्या २० खोक्यांत येतील. खोक्यावर खोकं चारपेक्षा जास्त चढवू नका, तळाच्या चकलीचा चुरा होतो. आणि रात्रपाळी असेल तर तिचे बॉक्स वेगळे मोजून कुलपात ठेवा.

बिलाबद्दल दोन गोष्टी. जीएसटी नंबर आणि कंपनीचं पूर्ण नाव ऑर्डर देतानाच लिहून द्या. भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, त्यामुळं बजेट करसहित रकमेचं धरा आणि तुमच्या सीएंना एकदा विचारा. दुसरं, काही जण बॉक्समध्ये आपली वस्तू घालायला सांगतात. अत्तराची बाटली घ्या : तिच्यावर १८ टक्के कर आहे, आणि ती मिठाईबरोबर एकाच किमतीत विकली तर अख्ख्या बॉक्सवर १८ टक्के लागतो. अशी वस्तू तुम्ही स्वतः विकत घेऊन आमच्याकडे पोचवा. आम्ही ती बॉक्समध्ये ठेवून देऊ, नगाला ५ रुपये भरणावळ.

डिलिव्हरी ३, ४ आणि ५ नोव्हेंबरला. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीत १०० बॉक्सच्या पुढे गाडीभाडं नाही. गेटवर गाडी अडून राहते, तेव्हा गेटपास आणि माल उतरवून घेणाऱ्या माणसाचं नाव आदल्या दिवशी कळवा. ६ तारखेला फक्त दुकानातून माल मिळेल, दुपारी १२ च्या आत, कारण त्यानंतर काउंटरवर उभं राहायला जागा नसते.

वाटपापर्यंत खोकी भट्टी, कॉम्प्रेसर किंवा खिडकीच्या उन्हाजवळ नकोत. फ्रीजही नको, बाहेर काढल्यावर दव धरून लाडू ओलसर होतो. माल उतरवताना प्रत्येक खोक्यातला एक बॉक्स उघडून बघा. फुटका किंवा कमी नग असेल तर त्याच दिवशी फोटो पाठवा, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं बदलून देऊ. ५ तारखेला उतरवलेल्या मालातला बदल मात्र ६ ला दुकानातूनच न्यावा लागेल.