बारची प्रतिनग लांबी

कातकामात लांब बारमधून एकामागून एक नग तयार करताना, एका नगामागे बारची जी लांबी खर्ची पडते तिला प्रतिनग लांबी म्हणतात. तिच्यात तीन घटक येतात : नगाची ड्रॉइंगवरील तयार लांबी, नग बारपासून तोडताना पार्टिंग टूलने भुग्यात घालवलेली रुंदी आणि नगाचे तोंड सपाट व काटकोनात करण्यासाठी राखलेली फेसिंगची सूट. यंत्राच्या चकमध्ये शेवटी उरणारा तुकडा या लांबीत धरत नाहीत. तो पूर्ण बारच्या हिशेबात एकदाच वजा होतो.

हा हिशेब बारवर अखंड चालणाऱ्या यंत्रांबरोबर रूढ झाला असावा. त्याआधी प्रत्येक नगासाठी तुकडा करवतीने वेगळा कापून चकमध्ये धरला जाई आणि त्याची दोन्ही तोंडे फेस करावी लागत, म्हणून सूट दोनदा धरणे स्वाभाविक होते. अमेरिकेत क्रिस्टोफर स्पेन्सर यांनी स्वयंचलित टरेट लेथचे पेटंट १८७३ मध्ये मिळवले. घड्याळाच्या सुट्या भागांसाठी याकोब श्वायझर यांनी स्वित्झर्लंडमध्ये रचलेला सरकत्या हेडस्टॉकचा लेथही साधारण त्याच सुमाराचा असून त्याचा काळ १८७० ते १८७३ च्या दरम्यान वेगवेगळा दिला जातो. अग्रमान कोणाला द्यावा याबद्दल मतभेद असले, तरी दोन्ही यंत्रे एकमेकांपासून स्वतंत्रपणे घडली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत हिशेबाच्या दृष्टीने दोहोंतील समान गोष्ट महत्त्वाची आहे : पार्टिंगचा एकच छेद आधीच्या नगाचे मागचे तोंड आणि पुढच्या नगाचे कच्चे तोंड एकाच वेळी तयार करतो.

या एका छेदामुळेच फेसिंगची सूट एकदा धरावी की दोनदा, हा वाद अजून चालतो. करवतीच्या तुकड्यांवर वाढलेल्या जुन्या पद्धतीत ती सरसकट दोनदा धरतात. नगाचे मागचे तोंड पार्टिंगने येते तसेच ड्रॉइंगला चालणार असेल, तर सूट फक्त पुढच्या तोंडासाठी, म्हणजे एकदाच लागते. मागचे तोंड दुसऱ्या सेटिंगमध्ये फेस करायचे असेल, तर नग तेवढा लांब तोडावा लागतो आणि दुसरी सूट आपोआप हिशेबात येते. सूट किती वेळा धरायची हे यंत्रावरून न ठरवता मागच्या तोंडाच्या अपेक्षित दर्जावरून ठरवणे अधिक योग्य होय. पार्टिंगचे पाते खोल जाताना किंचित वाकते, त्यामुळे तोंड मधोमध फुगीर किंवा खोलगट येते. व्यास वाढेल आणि पाते बारीक होईल तसा हा दोष वाढतो. पुढच्या तोंडाची सूट प्रामुख्याने हाच दोष काढण्यासाठी असते. ती अपुरी पडली, तर फेसिंगनंतरही तोंडावर न कातलेला डाग राहतो.

पाते तिरक्या धारेचे असल्यास नगाकडचा कोपरा केंद्रापर्यंत आधी पोहोचतो, नग मध्यभागी बोंडी न राहता सुटतो आणि बारच्या तोंडावर लहान शंकू उरतो. तो काढण्यासाठी टूल केंद्राच्या थोडे पलीकडे न्यावे लागते. ३ मिमी रुंद पात्याची धार १० अंश तिरकी असेल, तर हे अंतर सुमारे ०.५३ मिमी येते. हा शंकू छेदाच्या रुंदीतच सामावलेला असल्याने त्यासाठी बारची वेगळी लांबी धरण्याची गरज नाही.

उदाहरणादाखल २५ मिमी व्यासाच्या पोलादी बारमधून ४२ मिमी लांबीची पिन घेता येईल. पाते ३ मिमी रुंद आणि फेसिंगची सूट ०.५ मिमी धरल्यास प्रतिनग लांबी ४५.५ मिमी होते. बार ३ मीटरचा आहे, त्याचे कातरलेले पहिले टोक साफ करण्यात ५ मिमी जातात आणि कोलेटमध्ये ८० मिमीचा तुकडा उरतो, असे मानल्यास २,९१५ मिमी बार उपयोगी राहतो. त्याला ४५.५ ने भागता ६४ नग निघतात आणि जेमतेम ३ मिमी शिल्लक राहतात. इतक्या कमी शिलकीमुळे पात्याची छापील रुंदी आणि प्रत्यक्ष छेद यांतील फरकाला महत्त्व येते. पाते डगमगून छेद ३.१५ मिमी पडला, तर प्रतिनग लांबी ४५.६५ मिमी होते, ६४ नगांना २,९२१.६ मिमी लागतात आणि बारमधून ६३च नग मिळतात.

मात्र हा परिणाम बार पुढे घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. बार स्टॉपरला टेकवून थांबवला जात असेल, तर तोंड दरवेळी ठरलेल्या जागी येते, फेसिंगची सूट कायम राहते आणि रुंद छेदाची भरपाई जादा बार ओढून होते; वरील एका नगाची घट याच पद्धतीत होते. याउलट बार पुलर दरवेळी नेमका ४५.५ मिमी बार ओढत असेल, तर खर्च तेवढाच राहतो. पण तोंड ०.५ ऐवजी ०.३५ मिमी पुढे येते, म्हणजे वाढीव छेद फेसिंगची सूट खातो. प्रत्येक छेद त्याच जागी पडत असल्याने ही घट नगागणिक साचत जात नाही. त्यामुळे पुलरच्या यंत्रावर छेद रुंदावल्याची खूण नगांच्या संख्येत न दिसता तोंडावरच्या डागात दिसते. संशय आल्यास बारवर अर्धवट खोलीपर्यंत छेद घेऊन खाचेची रुंदी मोजणे हा सोपा उपाय आहे.

सीएनसी लेथवर पात्याच्या रुंदीची आणखी एक चूक वारंवार आढळते. तयार तोंडावर शून्य धरल्यास आणि टूलचा ऑफसेट चककडच्या कोपऱ्यावरून घेतल्यास पार्टिंगची जागा `Z-45.0` असते. नगाकडच्या कोपऱ्यावरून घेतल्यास ती `Z-42.0` असते. दोहोंची गल्लत झाली, तर नग नेमका ३ मिमी आखूड किंवा लांब येतो. लांबीतील चूक पात्याच्या रुंदीइतकीच भरली, तर प्रथम ऑफसेटचा कोपरा तपासावा.

मालाच्या मागणीसाठी हीच लांबी वजनात बदलतात. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून गोल पोलादी बारचे दर मीटरचे किलो काढण्याची रीत भारतात सर्वत्र आहे. २५ मिमीसाठी ते सुमारे ३.८६ किलो येते. त्यानुसार ४५.५ मिमीचे वजन सुमारे १७६ ग्रॅम होते. पण पूर्ण बारचे वजन ६४ नगांवर वाटल्यास ते १८१ ग्रॅमच्या आसपास जाते, कारण त्यात पहिले टोक आणि शेवटचा तुकडाही आला. दहा हजार नगांमागे हा फरक ५० किलोपेक्षा अधिक होतो. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतील ट्रॉब यंत्रांवरच्या जॉबवर्कमध्ये माल गिऱ्हाईक पुरवत असेल, तेव्हा यांपैकी कोणते वजन धरायचे हे आधी ठरवून घेणे इष्ट असते.

शेवटच्या तुकड्याची लांबी यंत्रागणिक बदलते. कोलेटला किमान पकडीसाठी लागणारी लांबी आणि कोलेटच्या तोंडापासून पार्टिंगच्या जागेपर्यंतचे सुरक्षित अंतर यांवर ती ठरते. सरकत्या हेडस्टॉकच्या यंत्रांत गाइड बुशमुळे हा तुकडा साधारणतः अधिक लांब राहतो.