प्रश्न विचारणारा माणूस कुठे गेला? मुलाखतींच्या विश्लेषणामागची गोष्ट

मुलाखतीतलं एखादं वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हात टाकायचं आणि खाली लिहायचं की "यांचं मत असं आहे". हे आपण सगळेच करतो, पेपरवालेही आणि पीएचडीवालेही. पण ते वाक्य कुठल्या प्रश्नावर आलं, प्रश्नात कुठले शब्द आधीच पेरलेले होते, मधे किती वेळ शांतता होती, हे सगळं त्यात गळून जातं. डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे बोलण्याचा आणि मजकुराचा बारकाईने अभ्यास, मराठीत संवादविश्लेषण किंवा संभाषितविश्लेषण म्हणतात, त्याचा इतिहास मला तरी या गळालेल्या माणसाला परत आणण्याचा इतिहास वाटतो, आणि त्याला पन्नासेक वर्षं लागली.

नाव पहिल्यांदा ठळकपणे आलं ते १९५२ मध्ये. झेलिग हॅरिस हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ (चॉम्स्कीचे गुरू), त्यांनी 'डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस' याच नावाचा लेख लिहिला. पण त्यात बोलणं नव्हतंच हो, नमुना म्हणून घेतला होता केसांच्या औषधाच्या जाहिरातीचा मजकूर, आणि वाक्याच्या पलीकडे गेल्यावर कुठले शब्द कुठल्या शब्दांच्या जागी येतात याची मांडणी केली होती. छापलेला मजकूर, एकच आवाज. समोर कोणी बसलेलंच नाही.

खरी कलाटणी आली ती टेपरेकॉर्डरमुळे. हार्वी सॅक्स नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ १९६३-६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या रोखण्यासाठी चालणाऱ्या एका केंद्रात काम करत होता. त्या काळात तो मानसिक त्रासातल्या लोकांच्या इमर्जन्सी फोनची रेकॉर्डिंग्ज ऐकत होता. तिथल्या लोकांची अडचण अगदी साधी होती, फोन करणारे नाव सांगत नाहीत. सॅक्सच्या लक्षात आलं की कर्मचाऱ्याने फोन उचलून आधी स्वतःचं नाव सांगितलं की बहुतेक वेळा पलीकडचाही सांगतो, म्हणजे पहिल्या वाक्यानेच दुसऱ्यासाठी जागा करून दिलेली असते. पण एका फोनमध्ये पलीकडचा म्हणाला, तुमचं ऐकू येत नाहीये. मग कर्मचाऱ्याने पुन्हा आपलं नाव सांगितलं, पलीकडच्याने तेच नाव परत उच्चारून बघितलं, आणि स्वतःचं नाव सांगायची जी जागा होती ती अशी अलगद निघून गेली. नाव विचारलं नाही, नाकारलंही नाही, तरी दिलं गेलं नाही! आता ऐकू आलं नाही हे खरं की खोटं, यात सॅक्स पडलाच नाही. त्याला एवढंच दाखवायचं होतं की त्या वाक्याने त्या जागी काय *केलं*. बोलणं म्हणजे मनातल्या गोष्टीची पावती नाही, बोलणं म्हणजे कृती, आणि ती कृती आधीच्या वाक्याच्या संदर्भातच दिसते. सॅक्स १९७५ मध्ये मोटार अपघातात गेला, त्याची व्याख्यानं पुस्तकरूपात यायला १९९२ उजाडलं.

त्याची सहकारी गेल जेफरसन हिने जे केलं त्याबद्दल कमी बोललं जातं, पण माझ्या मते अर्धं शास्त्र तिचं आहे. तिने टेप कागदावर उतरवायची पद्धत बसवली: थांबणं सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात, दोघं एकदम बोलले की चौकोनी कंस, आवाज ओढला की विसर्गासारखे दोन टिंब, शब्द अर्धवट तुटला की लहान रेघ. काम कंटाळवाणं आहे, तासाभराच्या टेपला वीसेक तास सहज जातात. पण याशिवाय पुढचं काही दिसलंच नसतं.

बघा ना, एक बनवलेलं उदाहरण घेऊ. संस्थेत बरीच वर्षं काम केलेल्या एका माणसाची मुलाखत, रिपोर्टमध्ये असं येतं: "नवीन लोकांबद्दल माझी तक्रार नाही, पण आम्ही हे सगळं शून्यातून उभं केलंय." आता टेप नीट उतरवली तर:

प्र: म्हणजे नवीन लोकांमुळे जुन्यांना थोडा त्रास होतो असं:: वाटतं का?
(१.२)
उ: न- नाही तसं माझं काही नाहीये त्यांच्याबद्दल (०.४) पण कसंय, आम्ही हे सगळं शून्यातून उभं केलंय ना
प्र: हं हं
उ: तर मग थोडं [वाटतं माणसाला
प्र: [साहजिक आहे

'जुने' आणि 'नवीन' हे दोन गट आणले कोणी? प्रश्न विचारणाऱ्याने. 'त्रास' हा शब्दही त्याचाच. मग सव्वा सेकंदाची शांतता, साध्या गप्पांत एवढा वेळ सहसा कोणी थांबत नाही, आणि नंतर "तसं माझं काही नाहीये", म्हणजे न केलेल्या आरोपाला आधीच उत्तर. 'आम्ही' मध्ये नवीन लोक बसत नाहीत, 'आपण' म्हटलं असतं तर बसले असते. शेवटी "वाटतं माणसाला", इथे 'मला' गायब झालाय, आता ही कुरकुर एका माणसाची राहिली नाही, कुणालाही वाटेल अशी झाली. आणि विचारणारा "साहजिक आहे" म्हणून वर सहीसुद्धा करून मोकळा! रिपोर्टमधल्या वाक्यात यातलं एकही दिसत नाही, उलट तिथे 'तक्रार' असा शब्द घुसलाय जो तो माणूस बोललाच नव्हता.

एक सावधगिरी मात्र पाहिजे. सव्वा सेकंद थांबला म्हणजे खोटं बोलतोय, असं काही यातून निघत नाही. थांबण्याचा अर्थ आपण ठरवायचा नसतो, पुढच्या बोलण्यात त्या दोघांनी त्याचं काय केलं ते बघायचं असतं. नवशिके इथेच घसरतात, एकेका 'हं' वर मानसशास्त्र रचायला लागतात.

'आम्ही-आपण' वरून आठवलं. ऐंशीच्या दशकात दुसरी एक शाखा वाढत होती जी भाषा आणि सत्ता यांचा संबंध बघायची. नॉर्मन फेअरक्लफ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९८९ च्या पुस्तकात ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची बीबीसी रेडिओवरची डिसेंबर १९८५ ची मुलाखत सोलून दाखवली. थॅचरबाईंच्या बोलण्यातला 'वी' कधी सगळ्या देशाचा असतो, कधी फक्त त्यांच्या सरकारचा, आणि बरेचदा दोन्हीच्या मधे कुठेतरी तरंगतो. इंग्रजीत शब्द एकच असल्याने ते तरंगणं सोपं पडतं. मराठीत बोलणाऱ्याला बाजू निवडावी लागते, म्हणून आपल्याकडे भाषण ऐकताना 'आम्ही' चा 'आपण' कुठल्या वाक्याला झाला तिथे पेनाने खूण करायची, बऱ्याचदा मागणी त्याच वाक्यात असते. अर्थात 'आपण' सुद्धा साधा नाही, तो आदराने 'तुम्ही' साठी येतो आणि 'कुणीही' या अर्थानेही येतो, त्यामुळे नुसते सर्वनाम मोजून तक्ता केला की फसगत ठरलेली.

इकडे सॅक्सच्या वाटेने गेलेल्यांनी ८० च्या दशकात टीव्ही-रेडिओच्या मुलाखती हातात घेतल्या. जॉन हेरिटेजने १९८५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली जी नंतर आपल्याला सतत दिसत राहते: बातम्यांच्या मुलाखतीत विचारणारा 'अच्छा', 'हो का', 'अरे वा' असलं काही म्हणत नाही. घरी बोलताना याशिवाय वाक्य पुढे जात नाही. तिथे मात्र तो गप्प बसतो, कारण उत्तर त्याच्यासाठी नसतंच, ऐकणाऱ्या प्रेक्षकांसाठी असतं, आणि 'अच्छा' म्हटलं की त्याने ते मान्य केल्यासारखं होईल. तसंच "तुमचे टीकाकार म्हणतात" ही युक्ती. वार करायचा, पण हत्यार दुसऱ्याचं. स्टीव्हन क्लेमनने दाखवलं की हा तटस्थपणा दोघांनी मिळून सांभाळलेला असतो, उत्तर देणाराही सहसा "तुम्हीच असं म्हणताय" असं म्हणत नाही. त्याने तसं म्हटलं की खेळ मोडतो.

तो मोडताना लाखो लोकांनी बघितला २५ जानेवारी १९८८ ला. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर तिथले बातम्या देणारे डॅन रादर आणि देशाचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश, थेट प्रक्षेपण, विषय इराण-काँट्रा, म्हणजे इराणला चोरून शस्त्रं विकून ते पैसे निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण. साधारण नऊ मिनिटांत मुलाखतीचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चा एकच, कोण उद्धट होतं. पण सॅक्सचा सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ आणि इतर काही जणांनी टेप ओळीओळीने बघितली. अशा मुलाखतीत विचारणारा आधी दोन-तीन विधानं करून प्रश्नाची पायाभरणी करतो आणि समोरचा प्रश्न येईपर्यंत गप्प बसतो, ही न बोललेली व्यवस्था. बुश गप्प बसेनात. प्रश्न यायच्या आधीच पायाभरणीतल्या विधानांनाच उत्तर द्यायला लागले. आणि एकदा त्या विधानांना उत्तर मिळालं की ती प्रश्नाची तयारी राहत नाहीत, रादर यांचं स्वतःचं म्हणणं होऊन बसतात. मग रादर त्यांना रेटतात, बुश आणखी मधे घुसतात. उद्धटपणा हा स्वभाव म्हणून शोधायची गरजच पडत नाही, भांडण कुठल्या ओळीपासून सुरू झालं ते कागदावर बोट ठेवून दाखवता येतं.

आता गंमत अशी की एवढं सगळं झालं तरी संशोधक स्वतःच्या मुलाखतींना हे लावायला तयार नव्हते. १९८७ मध्ये जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांच्या पुस्तकाने सामाजिक मानसशास्त्राला मोठा धक्का दिला. न्यूझीलंडमधल्या गोऱ्या लोकांच्या मुलाखतींवरून त्यांनी दाखवलं की एकाच माणसाची एकाच विषयावरची 'मतं' बोलता बोलता बदलतात, तेव्हा मत नावाची पक्की वस्तू डोक्यात ठेवलेली असते हे धरूनच चालू नका. ग्रेट काम. पण मुलाखत मात्र तरीही माहिती काढायचं यंत्र म्हणूनच वापरात राहिली, आणि त्याच पॉटरने अलेक्सा हेपबर्नबरोबर २००५ मध्ये लेख लिहून सगळ्या गुणात्मक संशोधनाला धरलं: बाबांनो, मुलाखती छापता तेव्हा प्रश्न विचारणारा कुठे जातो? प्रश्न द्या, शांतता द्या, समोरच्याला बोलावताना काय सांगितलं होतं तेही द्या. काहींना हा अतिरेक वाटला, प्रत्येक अभ्यासाला एवढ्या बारकाईची गरज नसते म्हणे, आणि ते अगदीच चूक नाही, दीडशे मुलाखती असतील तर वीस पट वेळ आणायचा कुठून. पण निदान ज्या उताऱ्यावर निष्कर्ष उभा आहे तेवढा तरी पूर्ण द्यायला काय हरकत आहे.

मी पॉटर-हेपबर्न यांचा हा लेख वाचला तेव्हा माझ्या पहिल्या मुलाखती उतरवून वर्षं झाली होती. फाइल उघडली. उत्तरं नीटनेटकी, स्वच्छ, एकाखाली एक. माझे 'हं हं' आणि 'साहजिक आहे' मीच कचरा म्हणून काढून टाकले होते, प्रश्नांच्या जागी नुसते नंबर, आणि टेप तर जागा हवी म्हणून कधीच पुसल्या होत्या. सातव्या नंबरच्या प्रश्नात मी नक्की कुठला शब्द वापरला होता ते आता कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.