कॅन्सर, कॅल्शियम आणि न भागणारी तहान

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात कालवून खा, हाडं पोलादी होतील, असा एक मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरत आला. त्याखाली एकीने विचारलं होतं, "आमच्या मामांना कॅन्सर आहे, फार अशक्तपणा आलाय, त्यांना देऊ का?" चार जणांनी लगेच अंगठा दाखवला. तो अंगठा बघून हा लेख लिहायला बसलो, कारण पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम बऱ्याचदा आधीच वाढलेलं असतं आणि तेच माणसाला आडवं पाडतं.

एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. लालबागला राहणारे, साठीच्या पुढचे, तंबाखूची जुनी सवय, तोंडाचा कॅन्सर गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचलेला. आठवडाभर ते सारखं पाणी मागतात. उशाशी तांब्या भरून ठेवला तरी तासाभरात रिकामा. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. मळमळ आहे, पोट साफ होत नाही. घरचे ग्लुकोमीटरने शुगर बघतात, ती ११८. म्हणजे डायबेटिस नाही. मग ते दिवसाही झोपून राहू लागतात आणि एका सकाळी मुलाला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. शेजारचं कुणी दृष्ट काढायला सांगतं, कुणी म्हणतं आता शेवट जवळ आला. दोन्ही ऐकून घरचे गप्प बसले, तर बरा होऊ शकणारा त्रास हातचा जातो.

रक्ताचा रिपोर्ट येतो. कॅल्शियम १२.६. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ठीक मानतात, म्हणजे थोडंसंच जास्त वाटतं. पण त्याच कागदावर अल्ब्युमिन २.२ आहे. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः या अल्ब्युमिनला, चिकटून असतं. काम करतं ते मोकळं कॅल्शियम. खंगलेल्या माणसाचं अल्ब्युमिन कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा खोटा दिलासा देतो. म्हणून ४ मधून अल्ब्युमिन वजा करायचं, आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणायचं आणि ते कॅल्शियममध्ये मिळवायचं. इथे १.८ गुणिले ०.८ म्हणजे १.४४. खरं कॅल्शियम १४ च्या घरात, म्हणजे धोक्याचं. सोय असेल तिथे मोकळं कॅल्शियम थेट मोजतात, ते जास्त भरवशाचं. क्रिएटिनिन २.१ आहे, म्हणजे किडनीही अडचणीत आहे.

हे कॅल्शियम दुधातून आलेलं नाही. आपल्या हाडांत सुमारे एक किलो कॅल्शियम साठलेलं असतं आणि ते तिथून सुटतंय. कॅन्सर हाडात पसरलेला असायलाच हवा असंही नाही. फुलर ऑलब्राइट या अमेरिकी डॉक्टरने १९४१ मध्ये तर्क केला होता की गाठच काहीतरी हॉर्मोनसारखं सोडत असावी. १९८७ मध्ये ते सापडलं. आपल्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हॉर्मोनशी मिळतंजुळतं असलेलं हे प्रथिन हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लावतं आणि किडनीला कॅल्शियम धरून ठेवायला सांगतं. या प्रकारच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत तेच कारण असतं.

आता किडनी. मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा भाग.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. हे जमतं कारण किडनीच्या आतल्या भागात मीठ साठवून ठेवलेलं असतं. नळीतलं पाणी त्या मिठाकडे ओढलं जातं. मीठ तिथे आणून टाकण्याचं काम नळीचा एक जाडसर चढता भाग करतो. पाणी ओढलं जायला वाट हवी, ती पुढच्या नळीच्या भिंतीतली पाण्याची सूक्ष्म दारं देतात. मेंदूकडून 'पाणी वाचवा' असा हॉर्मोनचा निरोप आला की ती दारं बसवली जातात.

१९९३ मध्ये एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने पेशींवरचा कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर शोधला. पॅराथायरॉइडमध्ये तो असणारच होता, पण किडनीच्या या दोन्ही जागीही तो निघाला. कॅल्शियम वाढलं की चढत्या भागातला रिसेप्टर मीठ ओढणारे पंप मंद करतो, आणि पुढच्या नळीत पाण्याची दारं कमी होतात. मेंदू निरोप पाठवतच राहतो, पण किडनी तो पाळू शकत नाही. लघवी पातळ राहिली तर तिच्यात कॅल्शियमचे खडे बसत नाहीत, हा त्यामागचा फायदा असावा असं मानतात. निरोगी माणसात ही व्यवस्था उत्तम. आपल्या रुग्णात मात्र पाण्याबरोबर मीठही वाहून जातं, रक्ताचं आकारमान घटतं, त्यात कॅल्शियम किडनीत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही आकसवतं. गाळण कमी होते, म्हणून कॅल्शियम बाहेर पडायचं कमी होतं, म्हणून ते आणखी वाढतं. मळमळीमुळे तोंडाने पाणी पुरेसं जात नाही, त्यामुळे हे चक्र आपोआप थांबत नाही.

भ्रमाचं कारण वेगळं. कॅल्शियम जास्त झालं की मज्जापेशींना उत्तेजित व्हायला जास्त जोर लागतो. मेंदू सुस्तावतो, आतडंही सुस्तावतं. झोपाळूपणा आणि बद्धकोष्ठ एकदमच आले, हा इशारा त्यामुळेच लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उपचार त्या चक्राच्या क्रमाने चालतात. आधी सलाईन, कारण मीठ आणि पाणी दोन्ही गेलेलं आहे. पहिल्या काही तासांत एक-दोन लिटर, मग तासाला दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या आसपास. हृदय अशक्त असेल तर वेग कमी, नाहीतर फुप्फुसात पाणी साठतं. लघवी वाढवायचं इंजेक्शन पूर्वी सर्रास देत. आता अंगावर पाणी चढलं तरच देतात, कारण कोरड्या पडलेल्या माणसाला ते आणखी कोरडं करतं. कॅल्सिटोनिनचं इंजेक्शन काही तासांत थोडं खाली आणतं, पण दोन दिवसांत शरीर त्याला दाद देईनासं होतं. ते दोन दिवस झोलेड्रोनिक आम्लाला काम सुरू करायला मिळतात. शिरेतून ४ मिलिग्रॅम, निदान १५ मिनिटं लावून दिलेलं हे औषध हाड पोखरणाऱ्या पेशींना थंड करतं. किडनीला ते जड जाऊ शकतं, म्हणून आधी सलाईनने क्रिएटिनिन उतरू देतात. उतरलंच नाही तर डेनोसुमॅब वापरतात आणि नंतर कॅल्शियम फार खाली जात नाही ना यावर नजर ठेवतात. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद. ब्लड प्रेशरच्या गोळीत थायझाइड असेल तर तीही डॉक्टरांना विचारून बदलायची, कारण ती किडनीला कॅल्शियम सोडू देत नाही. दूध-दही तोडून काही साधत नाही. चुना अर्थात नाही.

आपले लालबागचे गृहस्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाला नावाने ओळखू लागतील, चौथ्या-पाचव्या दिवशी कॅल्शियम ११ च्या खाली असेल, अशी अपेक्षा रास्त आहे. पण गाठ ते प्रथिन सोडतच असते. कॅन्सरवर उपचार लागू पडला नाही तर दोन-चार आठवड्यांत कॅल्शियम पुन्हा चढतं, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्त तपासावं लागतं. दर वेळी औषधाचा परिणाम कमी टिकतो. कधीतरी पुन्हा दाखल करायचं की घरीच आराम द्यायचा, हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर रुग्णाकडूनच घ्यायचं तर पहिल्या उपचारानंतर ते शुद्धीवर असतात त्या दिवसांत विचारावं लागतं.